मापावरची मूठ

धाकट्या दिराला, सुनीलला, मुलगी झाली त्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या दिवाळीत, कोसबाडच्या जयश्रीने आपल्या सुक्या चिकूच्या ऑनलाइन दुकानात सगळ्या मालावर वीस टक्के सूट लावली. चारशेचं पाकीट तीनशेवीसला जाऊ लागलं. माल, पॅकिंग, कुरियर धरून खर्च दोनशेऐंशी. पण सासूच्या हट्टाने जुन्या गिऱ्हाइकांना दिलेला पंधरा टक्क्यांचा कूपन कोड त्या सुटीवरही चालला आणि पाकीट दोनशेबहात्तरला पडलं.

"आई, पाकिटामागं आठ रुपये पदरचे जातात. सेल संपेपर्यंत कोड बंद ठेवते."

खाटेला खिळलेली सासू, बारकी, म्हणाली, "बाजारात मापावर मूठभर टाकल्याशिवाय मी गिऱ्हाईक पाठवलं नाही. मरतेवेळी मला कंजूस ठरव, बाई."

"दुकानच बुडालं तर मूठ कुठून टाकायची?"

म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं. जयश्रीने सेलवर कूपन लागू होणार नाही, अशी सेटिंग केली. तोटा थांबला. रोज ऑर्डरी विचारणारी सासू मात्र पुन्हा काही विचारेना.

सेल संपताच जयश्रीने कोड चालू केला आणि खाटेजवळ बसून तसं सांगितलं. तोवर बारकीला माणसं ओळखू येत नव्हती.

बारकी १४ नोव्हेंबर २०२४ ला, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारली.