फळ्यावरचं नाव

एक्क्याण्णव साली अंबरनाथच्या महिला मंडळाच्या अंजनाताई प्रेसनोट घेऊन उल्हासनगरात पेपरच्या ऑफिसात गेल्या, तेव्हा वार्ताहर चौबळ चहा फुंकत बसले होते. प्रेसनोटमध्ये प्रमुख पाहुणे दौलतराव, त्यांचे अकरा कार्यकर्ते, दीपप्रज्वलन, हारतुरे असं सगळं होतं.

"ताई, असले हार माझ्याकडे रोज येतात," चौबळ वैतागून म्हणाले. "कार्यक्रम आहे कशाचा?"

"साक्षरता वर्गाचा. आमच्या सुंदराबाई बासष्टाव्या वर्षी लिहायला शिकल्या. जन्मभर अंगठा दिला, आता रविवारी चारचौघांत फळ्यावर स्वतःचं नाव लिहिणार."

चौबळांनी कप खाली ठेवला. "अहो, मग हे शेवटच्या ओळीत कशाला लपवलंत? हाच फोटो! पण दहाला सुरू करा. आमचा फोटोग्राफर साडेदहाला निघणार, रोल धुवायचा असतो."

रविवारी सव्वादहा झाले तरी दौलतरावांचा पत्ता नव्हता. पाहुण्यांच्या आधी सुरू कसं करायचं, अशी कुजबुज झाली. अंजनाताईंनी घड्याळ पाहिलं आणि सरळ सुंदराबाईंच्या हातात खडू दिला. फ्लॅश चमकला.

दुसऱ्या दिवशी दौलतराव पेपर नाचवत मंडळात आले. "पाहुणा मी, आणि माझं नाव कुठाय?"

सुंदराबाईंनी त्यांच्या हातातून पेपर घेतला. बोट ठेवत ठेवत बातमी शेवटपर्यंत वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून. दौलतराव ताटकळत उभे.

"नाही हो साहेब," त्या म्हणाल्या. "दोनदा वाचलं. तुमचं नाव कुठंच नाही."