शेरडंबिरडं

संपादकांचा मेल सोमवारी आला. बुधवारपर्यंत दीपिकाने तो तीनदा उघडला आणि तिन्ही वेळा दुसऱ्या परीक्षकाच्या आक्षेपापाशी येऊन मिटला.

ती परभणीतल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भाषाविज्ञान शिकवायची. चारठाण्याजवळच्या एका वस्तीवर मेंढरं राखणाऱ्या सहा जणांचं बोलणं तिने रेकॉर्ड केलं होतं, सगळं मिळून चार तास. त्यातल्या द्विरुक्तीवर, म्हणजे शब्द तसाच किंवा थोडा बदलून पुन्हा येतो त्या रूपांवर, तिने आणि तिचे मार्गदर्शक व्यंकटराव सर यांनी लेख लिहिला होता. लेखाचा सगळा भार एका गोष्टीवर होता. ही माणसं ‘चहाबिहा’ म्हणतात, ‘कपडेबिपडे’ म्हणतात, पण कळपातल्या जनावरापुढे हा ‘बि’ लावत नाहीत. ‘मेंढरंबिंढरं’ असं चार तासांत कुणीही म्हटलं नव्हतं. तेव्हा या बोलीत तशी मनाईच आहे, असं लेखात ठामपणे लिहिलं होतं. चर्चासत्रात याच वाक्यावर टाळ्या पडल्या होत्या.

परीक्षकाने लिहिलं होतं: ‘नमुन्यात सुमारे तीन हजार नामं आहेत आणि त्यांतल्या साठांना ‘बि’ लागला आहे, म्हणजे शंभरात दोन. जनावरांची नावं नव्वद वेळा येतात. या प्रमाणात तिथे ‘बि’ जेमतेम दोनदा अपेक्षित होता. तो एकदाही आला नाही, हा योगायोग असू शकतो. एखादं रूप आढळलं नाही म्हणून ते बोलीत चालत नाही, असं म्हणता येणार नाही.’

दीपिकाने गणित करून पाहिलं. कसलीही मनाई नसती, तरी इतक्या लहान नमुन्यात सहातून एकदा शून्यच हाती आलं असतं. पुढच्या महिन्यात कायम जागेसाठी मुलाखत होती आणि अर्जात तिने हा लेख ‘परीक्षणाधीन’ म्हणून दाखवला होता. उत्तराला पंधरा दिवस होते.

नव्वदाचा आकडा वाढवता आला तर, असं वाटून तिने गुरुवारी दुपारी विभागाच्या रिकाम्या खोलीत एक बाजूला टाकलेलं रेकॉर्डिंग उघडलं. सतरा मिनिटांचं. बोअरची मोटर चालू असल्याने ते नमुन्यात घेतलं नव्हतं. त्या सहा जणांतले रायभानमामा कुणाशी तरी तावातावाने बोलत होते. अकराव्या मिनिटाला मोटर बंद झाली आणि स्वच्छ ऐकू आलं:

“आमची मेंढरं तिकडं गेलीच न्हाईत. कुनाची शेरडंबिरडं गेली आसतील.”

शेरडं म्हणजे शेळ्या, कळपातलंच जनावर, आणि त्याला ‘बि’ लागला होता. तिने इअरफोन काढले आणि दाराकडे पाहिलं. कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं. तरी तिने लॅपटॉप मिटला. हे वाक्य जगात आणखी कुणी ऐकलेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

शुक्रवारी तिने ते सरांना ऐकवलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मोटरचा आवाज आहे म्हणून हे आपण आधीच वगळलंय. निकष परीक्षण येण्याआधीचा आहे. त्यात लबाडी नाही.”

“पण सर, मला आता माहीत आहे.”

“माहीत असणं वेगळं आणि नमुन्यात असणं वेगळं. उत्तरात लिहा, नमुना लहान आहे हे मान्य, पुढचं संशोधन चालू आहे. एवढं पुरे.”

“आणि मनाई आहे हे वाक्य?”

“ते राहील. त्याशिवाय लेखात काय उरतं?” सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “मुलाखतीत विचारतील, लेखाचं काय झालं. मी तुमच्या भल्याचं सांगतोय, दीपिका.”

आवाज चढलेला नव्हता. तिने लॅपटॉप उचलला आणि ती बाहेर आली. पीएचडीच्या सहा वर्षांत तिने सरांना एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

तरी एक गोष्ट बाकी होती. ते भांडण रेकॉर्ड करायची परवानगी तिने घेतली नव्हती. फोन खाटेवर चालूच राहिला होता. शनिवारी एसटीने ती वस्तीवर गेली. वाटभर तिला वाटत होतं, मामा नकोच म्हणाले तर बरं. मग प्रश्नच उरणार नाही.

मामांच्या बायकोने, नर्मदामामीने, पाणी दिलं. रायभानमामांनी फोन कानाशी धरून ते वाक्य ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हे दत्तरावसंगं झालं व्हतं. त्याच्या कापसात जनावरं शिरली व्हती. आता मिटलंय ते. तू ह्ये छापायलीस का?”

“फक्त एक वाक्य, मामा. नाव नाही, गाव नाही, भांडण नाही. तुम्ही नको म्हणालात तर तेही नाही.”

“पुन्ना त्येच निगालं तर आमाला त्याच्या शिवारात पाय ठिवता येयाचा न्हाई. उन्हाळ्यात जायाचं कुटं?”

आपण आपल्या भीतीत इतके गुंतलो होतो की ही भीती दिसलीच नाही, याची तिला लाज वाटली. तिने फोन उचलला.

“राहू द्या मामा. मी पुसून टाकते.”

“थांब गं,” नर्मदामामी म्हणाली. “त्या वाक्यात हाय तरी काय?”

दीपिकाने सांगितलं. मामी ऐकत राहिली, मग म्हणाली, “आपल्या मेंढराला कोन आसं म्हनंल? ती शेरडं दुसऱ्याची व्हती म्हनून म्हनले ह्ये.”

मामांनी बराच वेळ तंबाखू मळली. “नाव न्हाई ना येनार?”

“नाही.”

“मंग लिव्ह.”

परतताना मामीचं बोलणं तिला मोहात पाडत होतं. आपल्या जनावराला ‘बि’ नाही, दुसऱ्याच्या जनावराला चालतो. किती सुरेख नियम. पण हाताशी उदाहरण एकच होतं, आणि एकावरून नियम बांधायचा म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा.

रविवारी सकाळी तिने पत्र लिहिलं.

‘माननीय संपादक, दुसऱ्या परीक्षकांचा आक्षेप योग्य आहे. आमच्या नमुन्यातून मनाई सिद्ध होत नाही; ‘बि’ आढळला नाही, एवढंच म्हणता येतं. त्याप्रमाणे निष्कर्ष आणि शीर्षक बदलत आहोत. शिवाय, ध्वनी अस्पष्ट म्हणून पूर्वी वगळलेल्या एका रेकॉर्डिंगमध्ये विरुद्ध उदाहरण मिळालं आहे. ते नमुन्याच्या मोजणीत धरलेलं नाही, पण लपवणं योग्य नाही म्हणून वक्त्याच्या संमतीने, नाव न देता, टिपेत देत आहोत. ते जनावर वक्त्याचं नव्हतं. एका भाषिकाच्या मते हा फरक महत्त्वाचा आहे. तो तपासण्याइतकी सामग्री आमच्याकडे नाही.’

मसुदा सरांना पाठवला. संध्याकाळी एका ओळीचं उत्तर आलं: ‘माझं नाव काढा.’

तिने संपादकांना तसं कळवलं, सरांचं संमतिपत्र जोडलं आणि ‘आम्ही’च्या जागी ‘मी’ करत गेली. प्रत्येक ‘मी’ टाइप करताना बोट अडखळत होतं.

मुलाखतीत समितीतल्या एका बाईंनी लेखाबद्दल विचारलंच. दीपिकाने झालं ते सांगितलं. कुणी मान हलवली नाही. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. या लेखामुळे की आणखी कशामुळे, ते तिला कधीच कळलं नाही. सर कॉरिडॉरमध्ये भेटले की नमस्कार घ्यायचे, थांबायचे नाहीत.

सप्टेंबरमध्ये संपादकांचं नाव इनबॉक्समध्ये दिसलं. तिने मेल उघडायला अर्धा तास लावला. लेख चार पानांचं टिपण म्हणून स्वीकारला होता. दुसऱ्या परीक्षकाने दोनच ओळी लिहिल्या होत्या: ‘विरुद्ध उदाहरण दिल्याबद्दल आभार. आपलं आणि परक्याचं हा धागा सोडू नका, मात्र आधी वीस-पंचवीस माणसं ऐका.’

दीपिकाने ते दोनदा वाचलं. मग तिने मामीला फोन लावला आणि विचारलं, दिवाळीनंतर वस्तीवर कोण कोण असेल.