इसार

मंचरच्या बाजारात सुवालालशेठला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं लोक म्हणत. तो जन्माला आला तो थेट फोनवर, आणि आला तोही पैसे मागायला नाही, द्यायला.

शेठांचा धंदा बटाट्याच्या बेण्याचा. लागवडीआधी शेतकरी येतो, पाचशेची नोट इसार म्हणून पुढं करतो, शेठ ती कपाळाला लावतात, की सौदा पक्का. कागद नाही, सही नाही. मग बाजार चढो की पडो, इसार घेतलेल्यानं माघार घ्यायची नाही. शेठांनी ती जन्मात घेतली नव्हती आणि त्याचा त्यांना गर्व होता. रास्त गर्व होता, म्हणूनच हे सांगताना वाईट वाटतं.

मुलगा जिनेश बेणं भरायला जालंधरला गेला होता. दुकानावरच्या घरात शेठ, बायको झमकूबाई आणि सून चेतना. झमकूबाईंचे गुडघे पार गेलेले. जिना त्या पाठमोऱ्या उतरत. ऑपरेशनचे पैसे बँकेत बाजूला ठेवलेले होते.

चेतनाच्या फोनवर 'घरबसल्या काम' आलं. नकाशावरच्या हॉटेलांना पाच तारे द्यायचे आणि स्क्रीनचा फोटो पाठवायचा. तिनं तीन हॉटेलांना तारे दिले, तर खात्यात दीडशे रुपये जमा! ती फोन घेऊन दुकानात उतरली.

"पप्पा, हे खरं असेल का हो?"

"त्यांनी आधी दिले? आपण काय बी न भरता?"

"हो."

"मग चोर कसा आसंल? चोर घेतो, देत न्हाई." शेठांनी चष्मा पुसला. "हा इसार हाय, पोरी."

मग तिला टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतलं. तिथं एक मॅडम कामं वाटायची. आता 'प्रीपेड टास्क': हजार भरले, तेराशे परत आले. पाच हजार भरले, ते मात्र स्क्रीनवरच वाढत राहिले. काढायचे तर पुढचं टास्क पुरं करा, म्हणाली मॅडम, आणि त्याला तीस हजार लागतील. ग्रुपमधले बाकीचे आपापल्या कमाईचे फोटो टाकत होते. ते सगळे एकाच माळेचे मणी, हे चेतनाला ठाऊक नव्हतं, पण तिच्या मनात पाल चुकचुकली.

"बास, पप्पा. पाच हजार गेले तर गेले."

तेवढ्यात मॅडमचा मेसेज आला. तुम्ही मध्येच सोडलंत तर ग्रुपमधल्या सगळ्यांचे पैसे अडकतील.

शेठ ताडकन उठले. "त्यांचा इसार आपल्या घरात आलाय. आता मधीच उठायचं आन चार लोकांना बुडवायचं? तुझ्या माहेरी चालत आसंल. आमच्यात न्हाई चालत."

माहेर काढल्यावर चेतनानं पुन्हा फोन हातात घेतला. शेठांनी बँकेतले पैसे तिच्या खात्यात वळवले आणि तिनं ते पाठवले. तीस हजार गेले, मग लाख, मग ऑपरेशनचे उरलेलेही. स्क्रीनवर सहा लाख दिसू लागले. काढायला गेली तर उत्तर आलं: तुमच्याकडून टास्कमध्ये चूक झाली, खातं गोठवलं आहे, सोडवायला आणखी दोन लाख भरा.

"ईचार तिला," शेठ म्हणाले, "आमचे सहा लाख हायेत ना तुमच्याकडं? त्यातनंच कापा."

मॅडमनं लिहिलं, नियमात बसत नाही.

शेठांनी चष्मा काढून गादीवर ठेवला. देणं असताना वजावट नको म्हणणारा व्यापारी त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. "पोरी," ते म्हणाले, "तिकडं पैसेच न्हाईत."

चेतनानं लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावला, तक्रार नोंदवली. नंतर दोघं पोलीस ठाण्यात गेली. शेवटची थोडी रक्कम एका खात्यात अडकवता आली होती; ती मिळायलाही कोर्टाचा हुकूम लागणार होता. बाकीची भाड्यानं घेतलेल्या खात्यांमधून कधीच पुढं गेली होती.

"पैसे पाठवले कुणी?" हवालदारानं विचारलं. चेतनानं मान खाली घातली.

"बोटं तिची," शेठ म्हणाले, "शब्द माझा. माझं नाव लिवा."

घरी झमकूबाईंनी ऑपरेशनचे कागद उचलून ट्रंकेच्या तळाशी ठेवले. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

पुढच्या बाजारी पेठ गावचे गेणभाऊ दुकानात आले आणि सवयीनं नोट पुढं केली. शेठांचा हात मांडीवरून हलला नाही.

"माल आल्यावर द्या, गेणभाऊ. आधी बघा, मग द्या."

"आवो, तुमचा माल बघायचा?" गेणभाऊ हसले. "लोकं येड्यात काढतील मला. तुमाला इसार दिला का झोप लागती बघा, शेठ."

नोट तशीच मध्ये धरलेली. चेतना दाराशी थबकली. तिला वाटलं, गुडघ्यांच्या पैशांपेक्षा मोठं काहीतरी या घरातून गेलं.

जिन्यावर पावलं वाजली. एका हातानं कठडा धरून, पाठमोऱ्या, झमकूबाई उतरत होत्या. मध्येच थांबून त्यांनी मान वळवली.

"घ्या वो," त्या म्हणाल्या. "हा तर समोर हुबा हाय."

शेठांनी नोट घेतली, कपाळाला लावली, आणि हात बराच वेळ डोळ्यांवरून खाली आणला नाही.