तीन नंबरचा ब्लॉक

मी चित्रकलेचा मास्तर. बोर्डाच्या परीक्षेत माझ्या विषयाचा पेपर नसतो आणि माझ्याकडे लांब पट्टी अन् रंगीत पेन्सिली असतात. एवढ्या दोन गुन्ह्यांपायी पर्यवेक्षकांच्या ड्युट्यांचा तक्ता दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो. शहात्तर सालच्या मार्चमध्येही आमचे मुख्याध्यापक उकंडराव म्हणाले, "निजामभाई, तुमचा हात साफ हाय," आणि मोकळे झाले.

हात साफ असून काय करता? ज्याच्या विषयाचा पेपर, तो त्या दिवशी बाद. आमच्या मानोऱ्याच्या शाळेत गणित अन् विज्ञान शिकवणारी माणसं तीच ती. ती त्या पेपरांना बाद, म्हणजे भाषांच्या दिवशी त्यांना सगळ्यांना जुंपायचं. दोन पाळ्या असतील तर सकाळचा माणूस दुपारी नको. एका माणसाला तोच ब्लॉक पुन्हा नको. शिवाय प्रत्येकाच्या ड्युट्यांची बेरीज सारखी हवी, फार तर एकाचा फरक. एक नाव हलवलं की पाच नावं हलतात आणि पाचही जणांना वाटतं, निजामनं मुद्दाम केलं.

तक्ता लावला आणि भांडण सुरू झालं. भिवाजी म्हणाला, "मले बाजाराच्या दिवशीच काहून?" बेबीताईंना सलग दोन दिवस नको होते. मी खोडरबर घेऊन बसलो. डोकं नुसतं उठलं होतं.

तेवढ्यात इतिहासाचे जगदेव राठोड आले. दरवर्षी सगळ्यात मोठं रडगाणं यांचं. यंदा मात्र म्हणाले, "निजामभाई, माह्या दोन ड्युट्या वाढवा. पन मले रोज तीन नंबरचा ब्लॉक द्या."

"रोज तोच ब्लॉक कोणालाच देत नाही. आणि तीन नंबरमध्ये काय पुरलंय?"

"हवा चांगली लागते तिथं."

मी हात जोडले. त्यांना रोज तीन नंबर देणं शक्यच नव्हतं, पण पहिल्या दिवशी देऊन टाकला. तेवढीच कटकट कमी.

ते गेल्यावर बेबीताई हळूच म्हणाल्या, "तीन नंबरात यांची भागिरथा बसते नं. मागच्या साली लग्न झालं तिचं. सासरच्या गावातल्या शाळेतून फारम भरला, म्हून नाव पवार लागलं. केंद्र मात्र आपलंच आलं."

माझं डोकंच फिरलं. ज्याचं पाल्य परीक्षेला, त्याला त्या केंद्रावर ड्युटी नाही. 'कोणाचं पाल्य या केंद्रावर आहे का?' अशी सूचना मी शिक्षकांच्या खोलीत फिरवली होती, आणि जगदेवरावांनी तिच्यावर 'नाही' लिहून सही केली होती. मी त्यांना तसंच ओढत उकंडरावांपुढं नेलं.

"अहो, कोणी तक्रार केली तर पोरीचा निकाल अडकल!" उकंडराव ओरडले. "वर्ष जाईल तिचं. तुमी 'नाही' कायले लिहिलं?"

"पाल्य म्हंजे आपून पाळतो ते," जगदेवराव म्हणाले. "तिले तर म्या देऊन टाकली. ते आता पवाराची. माही कुठं राहिली?"

"मंग तोच ब्लॉक काहून पायजे होता?"

जगदेवरावांनी मान खाली घातली. "दिवाळीलेबी धाडली नाई त्यायनं. म्हटलं, तीन तास तरी डोळ्यापुढं राहील."

मला त्यांचा राग येत होता आणि तो टिकतही नव्हता. उकंडरावांनी त्यांचं नाव सगळ्या दिवसांतून काढायला लावलं. त्यांच्या ड्युट्या बाकीच्यांत वाटताना मला पुन्हा सगळ्यांच्या शिव्या खाव्या लागल्या. पहिल्या दिवशीचा तीन नंबर मी स्वतःच्या नावावर टाकला, कारण तो आणखी कुणाला देऊन आणखी एक भांडण ओढवायची ताकद माझ्यात नव्हती.

पेपर सुरू झाला. भागिरथा खिडकीजवळ होती. लिहीत चांगलं होती, पण मला पाच मिनिटं मोकळं करायला रिलीव्हर दाराशी आला की मान वर करायची आणि त्याचा चेहरा पाहून पुन्हा खाली घालायची. प्रत्येक वेळी. मला तिला सांगावंसं वाटत होतं, पण परीक्षार्थीशी बोलू नये ही सूचना तक्त्याखाली मीच लाल पेन्सिलीनं लिहिली होती.

घंटा झाली. उत्तरपत्रिका मोजून घेतल्या. फाटकाबाहेर तिचा दीर सायकल धरून उभा होता. ती निघताना थांबली.

"सर, माह्या बाची ड्युटी कोनत्या ब्लॉकात हाय?"

"त्याले ड्युटी नाही, बेटा. तू त्याची पाल्य हायेस नं, म्हून."

"पन मले तर देऊन टाकली म्हने," ती म्हणाली. "मंग म्या पाल्य कशी?"

"बोर्डाले ते मंजूर नाही," मी म्हणालो. "बोर्डाच्या हिशोबात तू अजून त्याचीच."

तिनं पदर तोंडाशी धरला आणि फाटकाकडं जायच्या ऐवजी तिथंच पायरीवर बसून रडायला लागली.