दुसऱ्यांदा कोण विचारतो

देवासला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा धवलने वीस वर्षांचं कर्ज काढलं, आणि धारला तात्यांचं डोकं फिरलं. "कर्जाच्या घरचं पाणी मी पिणार नाही," ते म्हणाले. तात्या तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. म्हणजे पाणी प्यायला अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी यायचे!

धवलही त्यांचाच मुलगा. "फेडूनच बोलावीन," त्याने मनाशी ठरवलं.

कारखान्यात एप्रिलमध्ये पगार वाढला की तो बँकेत अर्ज द्यायचा: हप्ता दहा टक्क्यांनी वाढवा, मुदत घटवा. पहिल्या वर्षी बँकेतल्या बाई हसल्या. "सर, लोग तो किस्त कम कराने आते हैं." पण सुरुवातीच्या हप्त्यातला बराचसा भाग व्याजच खातं आणि वाढवलेला पैसा थेट मुद्दलावर पडतो, हे त्यांनीच समजावलं होतं. धवलने ते गुरुमंत्रासारखं धरलं. पगारवाढ घरी पोचतच नसे. बायकोचा, चारुलताचा, सोफा दरसाल पुढच्या एप्रिलवर जाई. ती म्हणायची, "अहो, पाहुणे सतरंजीवर बसतात." तो म्हणायचा, "बसू देत."

दर दिवाळीला धारला गेलं की तात्या विचारायचे, "किती राहिलं?" धवल आकडा सांगायचा. तात्या हुं म्हणून पानदान ओढायचे. बापाने हिशेब तपासला असं धवलला वाटायचं, आणि पुढच्या वर्षी तो आणखी चिकाटीने अर्ज द्यायचा.

वीस वर्षांचं कर्ज दहाव्या वर्षीच फिटलं. बँकेने तारण ठेवलेली घराची रजिस्ट्री परत दिली, कर्ज फिटल्याचा दाखला दिला. धवल टॅक्सी करून धारला गेला आणि तात्यांना घेऊन आला.

पण तात्यांचे गुडघे दहा वर्षं थांबले नव्हते. इमारतीला लिफ्ट नाही. शेवटी धवलने आणि चौकीदाराने खुर्चीत बसवून त्यांना वर नेलं. "भिया, धीरे," धवल चौकीदाराला सारखा म्हणत होता. जिना संपला तेव्हा त्याला धाप लागली आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच.

चारुलताने पाणी दिलं. तात्यांनी एका दमात पेला संपवला.

"घर छान आहे. आधीच आलो असतो," ते म्हणाले.

"तुम्हीच नाही म्हणालात, तात्या."

"रागात म्हटलं. पानावर बसलेला माणूस पहिल्यांदा नकोच म्हणतो. दुसऱ्यांदा कोणी वाढायला येतंय का, ते बघत असतो. दर दिवाळीला विषय मीच काढत होतो. तू आकडे सांगत बसलास."

 वाचवलेलं व्याज धवलला पै-पैशासह पाठ होतं, आणि त्या क्षणी त्याला त्याची लाज वाटली.

तात्या काठी शोधू लागले. "चला, टॅक्सीवाला खोळंबलाय."

"राहा ना, तात्या."

"नको रे."

चारुलताने धवलकडे पाहिलं. धवल त्यांच्यासमोर सतरंजीवर बसला.

"तात्या, राहा."

"बरं," तात्या म्हणाले, "इतका आग्रह करतोस तर."