चार आठवडे वस्तरा नाही

फायनलपर्यंत कुणी दाढी करायची नाही, असा हुकूम गणपतरावांनी तालमीत सोडला आणि तालमीच्या फुटबॉल संघातल्या वीस पोरांनी हात वर केले. गेल्या वर्षी संघ फायनल हरला होता, त्याचा राग अजून शिवाजी पेठेत ताजा होता. ज्याच्या गालाला वस्तरा लागेल तो संघाबाहेर! गणपतराव स्वतः रोज गुळगुळीत दाढी करून सरावाला यायचे, पण प्रशिक्षकाला कोण विचारणार? राग गिळायला खेळाडू असतातच.

गोलकीपर अमरसिंहाने पहिला आठवडा मिशीला पीळ देत काढला. दुसऱ्या आठवड्यात गालावर जणू मुंग्यांचं वारूळ फुटलं. कागलच्या एमआयडीसीत तो ग्राइंडिंगच्या मशीनवर होता. आठ तास लोखंडाची बारीक धूळ, मग मैदानावरचा घाम. घरी आला की कढत पाणी घेऊन अंगाच्या साबणाने तोंड घासायचा, दिवसातून तीनदा. त्यानेही भागेना, तेव्हा त्याने तालमीचं औषध काढलं. आखाड्यातली तांबडी माती! तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल सगळं मुरलेलं, म्हणजे कातडीला अमृतच, असं पेठेत जन्मलेल्या कुणालाही पटतं. त्याने मातीचा लेप गालाला थापला, वाळेपर्यंत ठेवला आणि नखांनी खरवडून काढला. वर शहाणपणा असा की संघातल्या सगळ्यांनाही तोच उपाय सांगितला.

अकराव्या दिवशी सामना होता. कॉर्नरवरून चेंडू आला, अगदी सोपा, छातीवर घ्यायचा. नेमक्या त्याच क्षणी जबड्याखाली अशी कळ उठली की त्याचा उजवा हात आपोआप गालावर गेला. चेंडू काखेखालून जाळ्यात. गॅलरीतून शिव्यांचा पाऊस पडला, अख्ख्या पेठेने त्याच्या घराण्याचा उद्धार केला.

‘‘गोल सोडून दाढी सांभाळतोयस व्हय रं?’’ गणपतराव सगळ्यांसमोर ओरडले. ‘‘आणखी एकदा हात वर गेला की जाळ्यात विजयसिंह! आणि दाढी काढलीस तर तोंड दाखवू नगंस!’’

विजयसिंह म्हणजे दुसरा गोलकीपर. बाकावर बसून तीन वर्षं वाट बघणारा. त्याचं नुसतं तिथं असणंही अमरसिंहाला टोचलं. या फायनलसाठी त्याने पाच वर्षं जीव ओतला होता. ती खाजेपायी जाणार?

रागाच्या भरात तो पिराजीमामाच्या सलूनमध्ये शिरला. ‘‘मामा, मशीन फिरवा. गेलं खड्ड्यात सगळं!’’

पिराजी गेली चाळीस वर्षं पेठेची डोकी आणि दाढ्या सांभाळत आले होते. त्यांनी त्याची हनुवटी उजेडात धरली आणि त्यांचा पारा चढला. ‘‘हे काय केलंयस? तोंड हाय का पायपुसणं? काय लावलंयस?’’

मातीचं नाव निघताच, आणि सगळ्या संघालाही तीच लावायला सांगितल्याचं कळताच, त्यांनी हातातला कंगवा टेबलावर आपटला.

‘‘माती घामाच्या अंगाला, कुस्तीला! खरवडलेल्या तोंडावर लिंबू-हळद चोळतोस? आणि साबण तीनदा? अरं, कातडीचं तेल सगळं धुऊन गेलं की. वस्तऱ्यानं कापल्याला केस तिरका अन् टोकदार असतोय, वर येताना कोरड्या कातडीला टोचणारच. आता काढलीस तर परत नवी टोकं, परत पहिल्या दिवसापास्नं खाज. आणखी दहा-बारा दिवस कळ काढ. केस वाढला की वाकतोय, टोचायचं थांबतंय.’’

‘‘तवर मरू का?’’

‘‘मरायला न्हाय, ऐकायला आलायस न्हवं? मग ऐक.’’

मामांनी ओरडत ओरडत सांगितलं. पहिले दोन दिवस नुसतं कोमट पाणी, कातडी सोलली आहे तोवर तेलही नको. मग एका दिवसाआड सौम्य शॅम्पू, अंगाचा साबण नाही, कढत पाणी नाही. कारखान्यातून सुटल्यावर साध्या पाण्याने धूळ धुवायची. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. दाढी दमट असतानाच बदामतेलाचे तीन-चार थेंब तळव्यावर घेऊन बोटं खाली कातडीपर्यंत न्यायची, नुसती वरवर नाहीत. मग मऊ ब्रश फिरवायचा. खाज सुटली तर नख लावायचं नाही, गार ओला रुमाल दाबून धरायचा. उशीचा अभ्राही बदलायचा.

‘‘आणि त्या बाकीच्या वांडरांनाबी सांग,’’ मामा म्हणाले. ‘‘समद्यांच्या तोंडाची तू माती केलीयास.’’

अमरसिंहाने मान डोलावली. पण सांगितलं मात्र कुणालाच नाही. गणपतरावांनी चारचौघांत काढलेली लाज त्याच्या डोक्यात घुमत होती. सोसू देत की सगळ्यांना! विजयसिंहाला तर आधी!

पहिले चार दिवस त्याने दात-ओठ खात काढले. रुमाल दाबून धरायचा आणि मनातल्या मनात गणपतरावांना शिव्या घालायचा. पण लाली उतरली. विसाव्या दिवशी मशीनवर काम करताना त्याच्या ध्यानात आलं की सकाळपासून हात एकदाही गालाकडे गेलेला नाही. केस बोटांखाली मऊ लागत होते.

सरावाला विजयसिंह जवळ आला. त्याचे गाल टोमॅटोसारखे लाल झाले होते, हनुवटीखाली दोन फोड. ‘‘अमर, तुझं कशानं थांबलं रं? मी दिवसातनं दोनदा माती लावतोय, तरी न्हाय थांबत.’’

‘‘आपसूक थांबलं,’’ अमरसिंह म्हणाला. ‘‘तुझंबी थांबंल. लावत ऱ्हा.’’

एवढंच बोलला आणि चेंडू उचलून जाळ्याकडे गेला. मनातून त्याला गोड वाटलं होतं, खोटं कशाला सांगायचं.

फायनलच्या आदल्या दिवशी गणपतरावांनी दोघांनाही जाळ्यात उभं करून पाळीपाळीने त्यांच्यावर पोरांना पेनल्टी मारायला लावल्या. अमरसिंहाचे हात चेंडूवरच राहिले, गालाकडे एकदाही गेले नाहीत. विजयसिंहाने दर चेंडूआधी खांद्याने गाल घासला. मोटारसायकलच्या हेल्मेटचा पट्टा लागून त्याचे फोड फुटले होते, जबडा सुजला होता, मान वळत नव्हती. दहातले सात गोल गेले.

‘‘अमर खेळंल,’’ गणपतराव म्हणाले आणि विजयसिंहाकडे बघून थुंकले. ‘‘तीन वर्षं बसवून खायला घातलं, अन् ऐन टायमाला हे तोंड!’’

सगळे पांगले. विजयसिंह खांबाला टेकून बसला होता. अमरसिंह जवळून जाताना त्याने हसायचा प्रयत्न केला, जबडा दुखला म्हणून अर्ध्यात सोडून दिला.

‘‘बरं झालं गड्या. तू तरी सुटलास. माझी कातडीच खराब हाय, दुसरं काय.’’

अमरसिंह जागीच थांबला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आजवर त्याचा सगळा राग गणपतरावांवर होता. आता तो फिरून स्वतःवरच आला.

‘‘तुझी कातडी चांगली हाय,’’ तो म्हणाला. ‘‘मातीनं झालंय हे. मला पिराजीमामांनी सांगितलं होतं. सगळ्यांना सांग म्हणाले होते. मी सांगितलं न्हाय. तू इचारलंस तवा मुद्दाम लावत ऱ्हा म्हणालो.’’

विजयसिंह खांबाला धरून उठला. अमरसिंहाला वाटलं, आता कानफटात बसणार, आणि त्याने गाल हलवला नाही. पण विजयसिंहाने हात उचलला नाही.

‘‘मला फायनल नको हुती तुझी,’’ तो म्हणाला. ‘‘झोपाय पायजे हुतं मला. आठ रात्री झोपलो न्हाय मी.’’

तो मैदानाबाहेर गेला, सरळ सलूनच्या दिशेने. अमरसिंह धावत मागे गेला. ‘‘विजा, वस्तरा लावू नगंस, संघातनं काढतील तुला! मी गणपतरावांस्नी सांगतो समदं!’’

‘‘सांग. आणि उद्या खेळ,’’ विजयसिंह न थांबता म्हणाला. ‘‘पण माझ्याशी बोलू नगंस.’’