नाव लिहू नये

हे लिहिणारच नव्हतो. पितांबर आबांकडून येणारं टायपिंगचं काम बंद होईल म्हणून. पण कुंदनचं काम आधीच जायला निघालं होतं, मग म्हटलं जाऊ दे.

चोपड्यात माझं टायपिंगचं दुकान. यूट्यूब बघून शिकलो. कुंदन माझा मित्र, पाचवीला शिकवतो, कंत्राटी. यंदा पाचवीत पहिल्यांदा नापास व्हायची सोय झाली, म्हणून त्याच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष पितांबर आबा स्वतः पेपर टाईप करून घ्यायला दुकानात आले.

"सूचना बोर्डासारख्या पाहिजे. एक, सर्व प्रश्न आवश्यक. दोन, आकृत्या पेन्सिलने. तीन, उत्तरपत्रिकेवर नाव, खूण, श्री, काही लिहू नये. फक्त बैठक क्रमांक."

मी म्हटलं, "आबा, पाचवीला बैठक क्रमांक कुठे?"

"तू टाईप कर."

केलं.

परीक्षेला कुंदनला दुसऱ्या वर्गावर पाठवलं आणि पाचवीवर आबाच बसले. भूमिका नावाच्या पोरीने विचारलं, "आबा, नाव लिहू?" आबा म्हणाले, "वर काय लिहिलंय? तेच करायचं. पुन्हा कोणी विचारायचं नाही."

पोरांनी तेच केलं. एकाने तर सवयीने लिहिलेलं 'श्री' थुंकी लावून पुसलं, कागदाला भोक पडलं.

कुंदनने पेपर तपासले, मार्क टाकले, पण टाकले कोणाला ते त्याला माहीत नाही. आबा म्हणाले, "चूक तुझी. तुझी पोरं. सोमवारी निकाल नाही तर जूनपासून येऊ नको."

शनिवारी आम्ही बठ्ठे, म्हणजे सगळे, पेपर वर्गात जमिनीवर मांडले. कुंदन पोरांना म्हणाला, "आपला आपला उचला."

आबा दारात खुर्ची टाकून बसलेले. "बघ, बठ्ठे चांगल्या मार्कांवर तुटून पडतील."

कोणी नाही पडलं. पोरं सरळ आपल्या पेपरवर जाऊन उभी राहिली. भोकवाल्याने भोक बघून उचलला. शेवटी दोन पेपर उरले आणि दोन पोरं. एक पेपर चाळीसपैकी सदतीस, एक चाळीसपैकी सहा. शीतल, आणि नवीन. नवीन म्हणजे आबांचा नातू.

आबा खुर्चीतून पुढे वाकले. "नवीन, नीट बघून घे बेटा."

नवीनने सहावाला उचलला. "आबा, हाऊ मना शे, माझाच. गाय मीच काढेल शे."

"अरे, नीट बघ."

"बघितलं ना. पाच पाय काढले, तिथे शेपूट पण आहे."

शीतलने सदतीस छातीशी धरला. कुंदन तोंडावर रुमाल धरून खिडकीकडे वळला. मी तर हसलोच, लपवलं नाही.

निकाल सोमवारी लागला. कुंदनला जूनला यायचं सांगितलंय, कारण नवीनची फेरपरीक्षा घ्यायला कोणीतरी लागेल.

काल कुंदन दुकानात आला. "त्याचा पेपर तूच टाईप करशील ना?"

म्हटलं, "करेल. आबा समोर उभे राहिले तरी पहिली सूचना एकच टाकेल, मोठ्या अक्षरात: आधी नाव लिहा. शब्द देतो, कुंदन."